चिऱ्याच्या भिंतीचा स्लेंडरनेस रेशो : घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा या भागांत अजूनही चिऱ्याच्या भिंती आणि वर कौलं अशी घरं बांधली जातात आणि त्याहून जास्त प्रमाणात जुनी घरं मोडून-जोडून वापरली जातात. अशा घरांचे आराखडे तपासताना लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं एकाच घराच्या हिशोबावरून दिली आहेत, कारण तेच आकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहिले की विषय लवकर उमगतो. भिंतीला आधार देणाऱ्या काटकोनातल्या भिंतीला मी सगळीकडे आडभिंत म्हटलं आहे.

स्लेंडरनेस रेशो म्हणजे नेमकं काय?

भिंतीची परिणामी उंची भागिले परिणामी जाडी. किंवा परिणामी लांबी भागिले तीच जाडी. दोन्हींपैकी जो आकडा लहान येईल तो त्या भिंतीचा रेशो धरायचा. आपल्याकडे हे नियम आय.एस. १९०५ (१९८७) या भारतीय मानकात आहेत. सिमेंटच्या मसाल्यात बांधलेल्या भारवाहक भिंतीला हा रेशो २७ च्या वर जाऊ देत नाहीत. चुन्याच्या मसाल्यात दोन मजल्यांपर्यंत २० आणि त्याहून जास्त मजल्यांना १३.

"परिणामी" हा शब्द महत्त्वाचा आहे. टेपने मोजलेली उंची आणि हिशोबात धरायची उंची वेगळी असते, आणि ती भिंतीला वर-खाली कोण धरून ठेवतं यावर ठरते.

दोन आकड्यांपैकी लहान का घ्यायचा? धोका तर मोठ्यात दिसतो.

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि विचारणं रास्त आहे. भिंत चार बाजूंनी धरलेली असते: खाली पाया, वर छप्पर किंवा स्लॅब, दोन्ही टोकांना आडभिंती. तिला फुगून बाहेर यायचं असेल तर ती उभ्या दिशेनेही वाकली पाहिजे आणि आडव्या दिशेनेही. यांपैकी एका दिशेला आधार जवळजवळ असले तर तीच दिशा भिंतीला अडवून धरते. म्हणून उंची कितीही असो, आडभिंती जवळ असतील तर भिंत टिकते. लांबी कितीही असो, माथा पक्का धरलेला असेल तरी टिकते. दोन्ही सुटले की मग प्रश्न.

आमचं घर एकमजली, वर फक्त कौलं. एवढ्याशा वजनाने चिऱ्याची भिंत चिरडणार थोडीच?

नाही चिरडणार. एक घर घेऊ. बाहेरची भिंत नऊ इंची, म्हणजे २३० मिलीमीटर. जोत्यापासून छपरापर्यंत उंची ४.५ मीटर, आपल्या भाषेत पंधरा फूट. आत पाच मीटर रुंदीच्या दोन खोल्या लागून आहेत, प्रत्येकीची लांबी ३.७५ मीटर, मध्ये चिऱ्याचीच भिंत.

एक मीटर लांबीच्या भिंतीचं स्वतःचं वजन साधारण २३ किलोन्यूटन येतं, कौलं-वासे आणि त्यावर माणूस चढला तर त्याचं मिळून आणखी ५. एकूण २८, म्हणजे पावणेतीन टनांच्या आसपास. भिंतीच्या तळाशी दाब होतो सुमारे ०.१२ न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर. बांधकामाच्या चिऱ्याची ताकद मानकाप्रमाणे किमान ३.५ असावी लागते आणि तशा दगडाच्या भिंतीला मूळ परवानगी ०.३५ ची आहे. म्हणजे वजनाच्या बाजूने जवळपास तिप्पट जागा शिल्लक.

म्हणूनच "चिरा भक्कम आहे" या वाक्याने या विषयात काहीच सिद्ध होत नाही. अशी भिंत पडते ती आडवी वाकून: वाऱ्याने, छपराच्या रेट्याने, भूकंपाच्या हादऱ्याने. रेशो मोजतो ते हेच, भिंत वाकायला किती मोकळी आहे.

मग २७ च्या आत असलं की झालं?

२७ ही शेवटची हद्द आहे, तिथे पोचायचं असा अर्थ नाही. रेशो वाढतो तशी भिंतीला वजन पेलण्याची परवानगी कमी होत जाते. रेशो ६ असेल तर पूर्ण, १२ ला ८४ टक्के, १८ ला ६७, २४ ला ५१ आणि २७ ला ४३. त्यापुढे तक्ताच संपतो. आणि हे आकडे वजन भिंतीच्या बरोबर मध्यावर येतं असं धरून आहेत. वासे भिंतीच्या आतल्या कडेवर टेकलेले असतील तर यातूनही वजावट.

आणखी एक गोष्ट. २७ चा नियम पाळला म्हणजे वाऱ्याचा हिशोब झाला असं नाही. तो वेगळा करावा लागतो, विशेषतः समुद्राकडे तोंड केलेल्या उंच भिंतीला आणि छपराखालच्या त्रिकोणी भिंतीला.

उंची कुठून कुठपर्यंत मोजायची?

मानक सांगतं की खाली पायाच्या माथ्यापासून मोजा. छपराच्या कैचीखाली खालच्या तुळईच्या बुडापर्यंत, आणि स्लॅब असेल तर स्लॅबच्या मध्यापर्यंत. आपल्याकडे जोतं बहुधा भिंतीपेक्षा बरंच रुंद आणि दगडी असतं, तेव्हा जोत्याचा माथा हाच पाया धरणं चालतं. पण काही ठिकाणी नऊ इंची भिंत सरळ जमिनीखाली जाते आणि आत फक्त भराव असतो. तिथे मी उंची खालच्या पायापासूनच धरतो.

यानंतर गुणक लावायचा. भिंतीच्या खाली-वर दोन्हीकडे काँक्रीटची स्लॅब बसलेली असेल तर ०.७५. खाली पक्कं आणि माथा फक्त सरकण्यापासून अडवलेला असेल तर ०.८५. दोन्ही टोकं अडवलेली, पण कोणतंच टोक वळण्यापासून धरलेलं नसेल तर १. आणि खाली पक्कं, वर काहीच नाही, तर १.५.

कौलारू घरांचा सगळा घोळ या शेवटच्या आकड्यात आहे.

छप्पर आहे की वर! मग "वर काहीच नाही" कसं?

छप्पर भिंतीवर बसलेलं आहे, पण ते भिंतीला धरतं का, हे पाहावं लागतं. वासे भिंतीच्या माथ्यावरच्या लाकडावर टेकलेले, ते लाकूड मसाल्यात नुसतं ठेवलेलं, ना बोल्ट ना पट्टी. अशी भिंत बाहेर झुकू लागली तर छप्पर तिला मागे खेचत नाही. मानकातही स्पष्ट आहे की भिंतीला न बांधलेलं छप्पर किंवा तक्तपोशी आधार म्हणून धरायची नाही.

उलट, दोन पाखांचं छप्पर वाशांना खाली तुळई नसेल तर भिंतीला बाहेर ढकलतं. आढं खाली बसतं, वाशांची पायं बाहेर सरकतात. जुन्या घरात भिंतीचा माथा बाहेर झुकलेला आणि आढ्याची रेघ मध्ये खचलेली असं एकत्र दिसलं, तर कारण हेच.

म्हणून आपल्या घराची परिणामी उंची १.५ × ४.५ = ६.७५ मीटर धरायची. उंचीवरून रेशो ६.७५ ÷ ०.२३ = २९.३. हद्दीच्या बाहेर.

तरी ते घर पन्नास वर्षं उभं आहे. कसं काय?

मधल्या भिंतीमुळे. लांबीच्या बाजूने बघा. प्रत्येक खोलीची बाहेरची भिंत ३.७५ मीटर. एका टोकाला घराचा कोपरा, दुसऱ्या टोकाला मधली भिंत आणि तिच्या पलीकडे बाहेरची भिंत तशीच पुढे जाते. अशा स्थितीला गुणक ०.९. परिणामी लांबी ३.३७५ मीटर, रेशो १४.७. लहान आकडा हा, म्हणून भिंतीचा रेशो १४.७. आरामात आत.

भिंत दोन्ही टोकांना आडभिंतीपलीकडे पुढे जात असेल तर गुणक ०.८ मिळतो, दोन्ही टोकांना नुसते कोपरे असतील तर १. एक टोक मोकळं असेल तर १.५ किंवा २, दुसरं टोक किती पक्कं यावर.

मधली भिंत काढून मोठा हॉल करायचा आहे. ती फक्त पार्टिशन आहे, तिच्यावर वासे नाहीत. काढू ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. "तिच्यावर वजन नाही" हे खरं असतं, आणि नेमकं तेच फसवं. ती भिंत छपराचं वजन उचलत नसेल, पण दोन्हीकडच्या बाहेरच्या भिंतींना मध्यावर धरून ठेवते.

भिंत काढली की बाहेरची भिंत सलग ७.५ मीटरची होते, दोन्ही टोकांना कोपरे. लांबीवरून रेशो ७.५ ÷ ०.२३ = ३२.६. उंचीवरून २९.३ होताच. आता लहान आकडा २९.३. बाहेरच्या भिंतीचा एक चिराही न हलवता तिचा रेशो १४.७ वरून २९.३ वर गेला, आणि ती भिंत नियमाबाहेर पडली. बाहेरून पाहिलं तर काहीच बदललेलं दिसत नाही, पहिले काही महिने तडाही जात नाही. मग जून-जुलैचा वारा लागतो.

मग हॉल होणारच नाही का?

होईल. तीन वाटा आहेत, आणि मी सहसा पहिलीच सुचवतो.

पहिली: मधली भिंत पूर्ण काढू नका. दोन्ही बाहेरच्या भिंतींना चिकटून तिचे तुकडे ठेवा, मध्ये कमान किंवा बीम द्या. आधार म्हणून धरायच्या आडभिंतीची लांबी भिंतीच्या उंचीच्या किमान एक पंचमांश हवी, म्हणजे इथे ९० सेंटीमीटर. जाडी आधार द्यायच्या भिंतीच्या निम्मी किंवा ९० मिलीमीटर, यांतलं जे जास्त ते. आपल्या घरात ती भिंत नऊ इंचीच आहे, तेव्हा जाडीचा प्रश्न नाही. मी ९० सेंटीमीटरला न थांबता पूर्ण एक मीटर ठेवतो, कारण तोडताना कडा तुटते. दोन्हीकडे एकेक मीटर सोडला तरी पाच मीटर रुंदीत मध्ये तीन मीटरची मोकळी जागा मिळते. हॉल दिसायला एकच वाटतो आणि रेशो १४.७ वरच राहतो. या तुकड्यांवर बीम टेकणार असेल तर त्याखालच्या दाबाचा हिशोब मात्र वेगळा करून घ्यावा.

दुसरी: माथा खरंच धरा. भिंतीवर काँक्रीटचा पट्टा ओतायचा, तो चारही भिंतींवरून सलग फिरवायचा, छपराच्या कैच्या त्याला बोल्टने जोडायच्या आणि कैच्यांना खाली तुळया द्यायच्या म्हणजे बाहेरचा रेटा थांबेल. मग गुणक ०.८५ धरता येतो: ३.८२५ ÷ ०.२३ = १६.६. परवानगी साधारण ७१ टक्के, म्हणजे ०.२५ चा दाब चालतो आणि आपला आहे ०.१२. पण नुसता पट्टा ओतून वासे पूर्वीसारखेच टेकवले तर ०.८५ धरू नये. साडेसात मीटर लांबीचा पट्टा मध्यावर स्वतःच बाहेर वाकतो. त्याला मध्ये आडवी बांधणी लागते.

तिसरी: भिंत जाड करा. ३०० मिलीमीटर जाडीला रेशो २२.५ येतो, पण परवानगी ५५ टक्क्यांवर उतरते. जुन्या भिंतीला बाहेरून नवा थर चिकटवून जाडी वाढली असं मात्र धरू नका. दोन थर एकमेकांत गुंफलेले नसतील तर त्या दोन वेगळ्या बारीक भिंती आहेत.

आडभिंत आहे, पण ती धरते की नाही हे कसं ओळखायचं?

सांध्यावर जाऊन पाहा. चिऱ्याचा एक थर मुख्य भिंतीत घुसलेला, पुढचा मागे, असे दाते खालपासून वरपर्यंत दिसले पाहिजेत. गिलावा असेल तर कोपऱ्यात हातभर पट्टा उकलून बघावा लागतो. मागाहून बांधलेली भिंत बहुधा नुसती टेकवलेली असते, आणि तिच्या सांध्यावर गिलाव्यात सरळ उभी तडा गेलेली दिसते. तशी तडा वरून खालपर्यंत असेल तर ती आडभिंत हिशोबातून काढा.

एक जुना प्रकार लक्षात ठेवण्यासारखा आहे: मुख्य भिंत चिऱ्याची आणि मधली भिंत नंतर सिमेंट ब्लॉकची. चिऱ्याचा थर आणि ब्लॉकचा थर एका उंचीचे नसतात, म्हणून गवंडी दाते घेतच नाही, फटीत मसाला भरतो. ती भिंत खोल्या वेगळ्या करते, एवढंच.

दार-खिडक्यांमुळे काय फरक पडतो?

दोन गोष्टी पाहायच्या. उंचीच्या निम्म्याहून उंच असलेली मोकळी जागा भिंतीचं टोक मोकळं करते. साडेचार मीटरच्या भिंतीत निम्मं म्हणजे सव्वादोन मीटर, तेव्हा २.१ मीटरचं साधं दार चालून जातं. पण त्याच भिंतीत बाल्कांवकडे उघडणारं, वर काचेची कमान असलेलं अडीच मीटरचं दार चालत नाही. आणि तीन मीटर उंचीच्या घरात निम्मं म्हणजे दीड मीटर, तिथे प्रत्येक दार टोक मोकळं करतं.

दुसरी गोष्ट, आडभिंतीला खेटून खिडकी नको. ०.९ किंवा ०.८ चा फायदा घ्यायचा तर आडभिंतीपासून उंचीच्या एक अष्टमांश अंतरात, आपल्या घरात ५६ सेंटीमीटर, भोक असता कामा नये.

दोन खिडक्यांमधला अरुंद भाग भिंत धरायचा की खांब?

रुंदी जाडीच्या चौपटीच्या आत असेल तर खांब. नऊ इंचीला ही हद्द ९२ सेंटीमीटर. आणि खांबाला २७ नाही, फक्त १२.

स्लॅबच्या घरात हे फार जवळून हुकतं. उंची ३ मीटर, मधला भाग ६० सेंटीमीटर, दोन्ही बाजूंना मोकळ्या जागा आणि त्यातली उंच २.१ मीटर. स्लॅबने वर-खाली पक्कं धरलेल्या भिंतीत अशा खांबाची परिणामी उंची ०.७५ × ३ + ०.२५ × २.१ = २.७७५ मीटर, आणि रेशो २.७७५ ÷ ०.२३ = १२.१. बाहेर! मधला भाग ६० ऐवजी ९५ सेंटीमीटर केला की तो पुन्हा भिंत होतो आणि विषय मिटतो. खिडकी थोडी सरकवणं नकाशावर फुकट असतं, चौकट बसल्यावर नसतं.

जाडी मोजताना गिलावा धरायचा का?

नाही. आणि "नऊ इंच" यावरही विश्वास ठेवू नये. खाणीवरून आलेला चिरा गवंडी कुऱ्हाडीने तासून घेतो, कडा घासतो, आणि भिंतीत बसेपर्यंत तो कधी साडेआठ इंच राहतो. २१५ मिलीमीटर जाडी धरली तर आपला २९.३ चा आकडा ३१.४ होतो. दाराच्या चौकटीपाशी, गिलावा सोडून, दोन-तीन ठिकाणी टेप लावा आणि सगळ्यात कमी आकडा घ्या. उघड्या चिऱ्याच्या भिंतीत सांधे आतपर्यंत कोरलेले असतील तर ती खोलीही वजा करायची.

आजोबांच्या काळचं घर मातीत बांधलेलं आहे. त्याला हे नियम लागतात?

मानकाच्या तक्त्यात सिमेंट आणि चुना आहे, मातीचा रकाना नाही. पण त्या काळच्या गवंड्यांचा हात बघा: दोन फूट जाड भिंत, पाच मीटर उंच, माथा मोकळा धरला तरी ७.५ ÷ ०.६ = १२.५. चुन्याच्या सगळ्यात कडक हद्दीच्याही आत.

अशा घरांत धोका रेशोपेक्षा पाण्याचा. गळक्या कौलांखाली भिंतीच्या पोटातली माती धुऊन जाते, आतला आणि बाहेरचा थर सुटा होतो, आणि दोन फुटांची भिंत प्रत्यक्षात फूट-फूटभराच्या दोन भिंती बनते. हातोडीने ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर जाडी दोन फूट धरू नका. अशा घरावर कौलं उतरवून स्लॅब टाकायचा विचार असेल तर भिंतीचा एखादा तुकडा उघडून पाहिल्याशिवाय हो म्हणणारा इंजिनीअर बदला.

भिंत वाकू लागली आहे हे कसं कळेल?

ओळंबा. माथ्यावरून सोडा आणि वर, मध्ये, खाली अंतर मोजा. वजन भिंतीच्या मधल्या तिसऱ्या भागात राहिलं तर भिंतीत ताण येत नाही. नऊ इंचीला मध्यापासून दोन्हीकडे जेमतेम ३८ मिलीमीटर. ओळंबा त्याच्या जवळ गेला तर थांबून तपासणी करा, त्या भिंतीला नवीन भोक तर मुळीच पाडू नका. मध्यउंचीला बाहेरच्या बाजूने सांध्यातून गेलेली आडवी तडा हीसुद्धा त्याचीच खूण. पावसाळ्याआधी आणि नंतर तेच माप घेतलं तर हालचाल चालू आहे की जुनी आहे तेही समजतं.

मे महिन्यात भिंती उभ्या झाल्या, छप्पर पावसानंतर घालू का?

नको. छप्पर नसलेली भिंत १.५ च्या हिशोबात असते आणि माथ्यावर वजनही नसतं. आडभिंती अजून बांधायच्या असतील तर तिला लांबीचाही आधार नाही. वळवाच्या एका सोसाट्याला अशी ओली, ताजी भिंत सलग पडते. आडभिंती बाहेरच्या भिंतींबरोबरच, थराला थर लावून वर न्या. काम थांबवायचंच असेल तर खालच्या पट्ट्यापर्यंत थांबवा.

आणि कंपाउंडची भिंत?

ती मोकळी भिंत, तिला २७ चा नियम लागत नाही. तिथे उंची आणि जाडीचं प्रमाण वाऱ्याच्या दाबावर ठरतं: कमी दाबाला १०, मध्यमाला ७, जास्त दाबाला ५ किंवा ४. नऊ इंची भिंतीला ७ धरले तर १.६ मीटर, ५ धरले तर १.१५ मीटर. किनाऱ्यालगत खालचा आकडा घ्या. त्याहून उंच हवी असेल तर तीन-तीन मीटरवर जाड खांब घाला आणि त्यांचा हिशोब करून घ्या. आतल्या बाजूने मातीचा भराव टाकणार असाल तर ती कंपाउंडची भिंत राहत नाही, धारक भिंत होते, आणि नऊ इंच तिला पुरत नाहीत.